हिंदीतलं क्षारीय मराठीत क्षारयुक्त होत नाही

*"सर, मी आष्ट्याजवळ राहते, कृषी पदविका झालीय. ऊसपट्ट्यातल्या खराब जमिनी सुधारण्यावरची 40 पानांची हिंदी पुस्तिका मराठीत करायचं काम मिळालंय. निम्मे शब्द संस्कृतच आहेत, क्षारीय, लवणीय, जैविक, प्रयोग, संशोधित, ते तसेच ठेवले तर चालतील का? कुठला ठेवायचा नि कुठला बदलायचा हे ओळखायचं कसं?"*

ताई, बाकी शब्दांचं पुढं बघू, पण क्षारीय हा शब्द आधी बाजूला काढून ठेवा, कारण तुमच्या पुस्तिकेचा सगळा विषयच त्याच्यावर उभा आहे आणि तो चुकला की पुस्तिका उलटी होते, म्हणजे ज्याच्या रानाला औषध नको त्याला औषध मिळतं आणि ज्याला हवं तो वाचून गप्प बसतो.

शाळेतलं समीकरण आठवा. मराठी विज्ञानाच्या पुस्तकात असं असतं:

आम्ल + आम्लारी → क्षार + पाणी

हिंदी पुस्तकात तेच असं:

अम्ल + क्षारक → लवण + जल

आता क्षार कुठं बसलाय बघा. हिंदीत तो बाणाच्या डावीकडं आहे, आम्लाच्या समोर उभा. पाण्यात विरघळणाऱ्या क्षारकाला हिंदीत क्षार म्हणतात, आपण ज्याला अल्क किंवा अल्कली म्हणतो ते. मराठीत तो बाणाच्या उजवीकडं आहे, म्हणजे मीठ. शब्द एकच, संस्कृतातलाच, पण पारिभाषिक शब्द ठरवताना हिंदीवाल्यांनी तो एका पदार्थाला दिला आणि आपण दुसऱ्या. त्यामुळं हिंदीतलं क्षारीय वाचून मराठीत क्षारयुक्त लिहिलं की तुम्ही अल्कलीच्या जागी मीठ लिहिलंत. वाक्य मात्र छान मराठी दिसतं, मुद्रितशोधकाला काही खटकत नाही, व्याकरण तपासणाऱ्याला खटकत नाही, आणि हीच भीती आहे. ज्या शब्दाला आपण अडखळतो तो शब्द आपण कोशात बघतो, जो ओळखीचा वाटतो तो तसाच जातो.

जमिनीच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो ते तुम्ही शिकलेला आहात, तरी शब्दांच्या बाजूनं परत सांगतो. हिंदीत लवणीय मृदा म्हणजे ज्या मातीत विरघळणारं मीठ जास्त झालंय, विद्युत वाहकता 4 च्या वर, सामू 8.5 च्या आत आणि विनिमययुक्त सोडियम 15 टक्क्यांच्या आत. ही आपली क्षारयुक्त जमीन. हिंदीत क्षारीय मृदा म्हणजे जिथं मातीच्या कणांनाच सोडियम चिकटून बसलाय, सोडियम 15 टक्क्यांच्या वर, सामू 8.5 च्या वर, पण वाहकता 4 पेक्षा कमी. ही आपली चोपण. आणि दोन्ही दुखणी एकत्र असतील ती हिंदीत लवणीय-क्षारीय, आपल्यात क्षारयुक्त-चोपण. म्हणजे बघा, जोडी लावताना लवणीयला क्षारयुक्त जोडायचं आणि क्षारीयला चोपण, जे डोळ्याला अगदीच चुकीचं वाटतं. कर्नालला 1969 पासून जी केंद्रीय संस्था या विषयावर काम करते तिच्या हिंदी नावातसुद्धा मृदा लवणता आहे आणि मराठीत आपण तेच मृदा क्षारता असं लिहितो, हे एक लक्षात ठेवलंत तरी जोडी विसरणार नाही.

मग लवण हाच शब्द मराठीत का घेऊ नये, असं एका मुलानं मला विचारलं होतं. आयुर्वेदात लवण म्हणजे मीठ आहे, खरं आहे. पण आपल्याकडं गावात लवण म्हणजे खोलगट जागा, जिथं वरच्या रानाचं पाणी येऊन बसतं. लवणाची जमीन असं लिहिलंत की शेतकरी सखल रान समजणार, आणि पाणथळ रानं बऱ्याचदा सखल जागीच असल्यामुळं त्याला चूक झाल्याचा संशयसुद्धा येणार नाही. अर्थ थोडासा जुळणारा चुकीचा शब्द हा न जुळणाऱ्यापेक्षा वाईट.

हे मी शिकलो ते स्वतःच्या चुकीतून. बरीच वर्षं झाली, एका संस्थेसाठी अशीच एक पुस्तिका मी हिंदीतून केली होती आणि "क्षारयुक्त जमिनीत जिप्सम टाकावे" असं वाक्य त्यात गेलं. मी लिहिलं, दोघांनी तपासलं, छापलं. पुढच्या वर्षी वाळवा तालुक्यातले नदीकाठचे एक शेतकरी माती परीक्षणाचा कागद घेऊन आले, वाहकता 7 च्या आसपास, सामू 8.1, सोडियम मर्यादेत. म्हणजे सरळ क्षारयुक्त जमीन, मिठाची. त्यांनी पुस्तिका वाचून एकरी 2 टन जिप्सम विकत आणून टाकलं होतं. जिप्सम काय करतं, त्यातला कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमला हुसकून त्याची जागा घेतो, मग तो सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जातो. त्यांच्या मातीच्या कणावर हुसकायला सोडियमच फारसा नव्हता. त्यांना हवा होता निचरा, चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाइप, आणि चांगल्या पाण्यानं मीठ धुऊन काढणं. पैसे गेले, एक हंगाम गेला, आणि ते मला काही बोलले नाहीत, नुसतं पुस्तिकेतलं वाक्य बोट ठेवून दाखवलं. हिंदी मूळ परत काढून बघितलं तर तिथं लेखकानं क्षारीय असं अगदी बरोबर लिहिलेलं होतं. चूक माझी होती.

तेव्हापासून मी शब्दावर विश्वास ठेवत नाही, त्याच्या आजूबाजूच्या तीन गोष्टी बघतो. पहिली, आकडा. परिच्छेदात सामू, वाहकता, सोडियमची टक्केवारी दिली असेल तर तोच सांगतो की लेखक कुठल्या जमिनीबद्दल बोलतोय. दुसरी, लक्षण. सफेद पपड़ी, भुरभुरी मिट्टी असं वर्णन असेल तर ती मिठाची, आणि भीगने पर चिपचिपी, सूखने पर कठोर, पानी का प्रवेश कम असं असेल तर ती चोपण, कारण सोडियममुळं माती विस्कटते, तिची भोकं बुजतात आणि पाणी मुरत नाही. तिसरी, उपाय. जिप्सम किंवा गंधक सांगितलंय का नुसतं पाणी साठवून धुवायला सांगितलंय. तिन्ही एका बाजूला बोट दाखवत असतील तर मराठी शब्द ठरला. आणि जर आकडा एक सांगतोय आणि उपाय दुसरं, तर स्वतः ठरवू नका, लेखकाला विचारा, कारण हिंदीतसुद्धा काही लोक क्षारीय शब्द सैल वापरतात, कुठलीही बिघडलेली जमीन म्हणजे क्षारीय असं. आपल्याकडं क्षारपड हा शब्द तसाच आहे, शेतकरी मिठाच्या रानालाही क्षारपड म्हणतो आणि चोपणलाही. म्हणून क्षारपड हा शब्द मी शीर्षकात आणि प्रस्तावनेत घेतो, लोकांना लगेच कळतं की आपल्या रानाबद्दल आहे, पण जिथं उपाय सुरू होतो तिथं तो एकदाही येऊ देत नाही, तिथं क्षारयुक्त का चोपण हे स्पष्टच असलं पाहिजे.

आता एक परिच्छेद करून दाखवतो. अशा पुस्तिकांत साधारण असं वाक्य असतं:

"जिस मृदा का पीएच मान 8.5 से अधिक, संतृप्त निष्कर्ष की विद्युत चालकता 4 डेसीसीमन प्रति मीटर से कम तथा विनिमेय सोडियम 15 प्रतिशत से अधिक हो, वह क्षारीय मृदा है। ऐसी मृदा में जल निकास की पर्याप्त व्यवस्था के पश्चात जिप्सम का प्रयोग करें तथा जैविक खाद मिलाएँ।"

विभक्ती बदलून केलेलं मराठी असं होतं:

"ज्या मृदेचे पीएच मान 8.5 पेक्षा अधिक, संतृप्त निष्कर्षाची विद्युत चालकता 4 डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा कमी व विनिमेय सोडियम 15 टक्क्यांपेक्षा अधिक असेल, ती क्षारयुक्त मृदा होय. अशा मृदेत जलनिकासाच्या पर्याप्त व्यवस्थेनंतर जिप्समचा प्रयोग करावा व जैविक खत मिसळावे."

यात एकही शब्द परका वाटत नाही आणि निदान चार ठिकाणी अर्थ गेलाय. क्षारयुक्तचं झालं. आता निष्कर्ष बघा. मराठी माणसाला निष्कर्ष म्हणजे विचार करून काढलेला निकाल एवढंच माहीत, आणि संतृप्त म्हणजे तृप्त झालेला. हिंदीत तो अर्थ आहेच, पण माती परीक्षणात संतृप्त निष्कर्ष म्हणजे माती पाण्यानं पूर्ण भिजवून तिच्यातून ओढून काढलेलं पाणी, आपला संपृक्त अर्क. हे शब्द कळले नाहीत म्हणून मी लोकांना ते सरळ गाळताना बघितलंय, "विद्युत वाहकता 4 पेक्षा कमी" एवढंच ठेवून. ते गाळणं फार महागात पडतं. वरचा 4 हा आकडा संपृक्त अर्कासाठीच आहे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच प्रयोगशाळा एक भाग मातीत अडीच भाग पाणी मिसळून वाहकता मोजतात, त्यात मीठ जास्त पाण्यात पातळ झाल्यामुळं आकडा बराच खाली येतो. शेतकऱ्याच्या कागदावर दीड लिहिलेलं असतं, तो तुमच्या पुस्तिकेतल्या चारशी ताडून बघतो आणि म्हणतो माझं रान चांगलं आहे. म्हणून संपृक्त अर्क हे दोन शब्द ठेवायचेच, आणि खाली एक ओळ जोडायची की परीक्षणाच्या कागदावर कुठल्या पद्धतीनं मोजलंय ते बघा. अशी जास्तीची ओळ मूळ लेखकाला दाखवूनच घालायची.

चालकता सोपं आहे, ते नुसतं वापरातलं वेगळेपण. हिंदीत वीज वाहून नेणारा तो चालक, आपल्यात तो वाहक. एसटीत चालक कोण आणि वाहक कोण हे आपल्याकडं पोरालाही माहीत असतं, त्यामुळं मराठी कानाला चालकता म्हणजे काहीतरी चालवणं वाटतं. वाहकता लिहा.

पण इथंच अजून एक खाच आहे. आपल्याकडच्या माती परीक्षणाच्या कागदावर विद्युत वाहकतेच्या रकान्याला बऱ्याचदा क्षारता असंही लिहितात, म्हणजे मिठाचं प्रमाण. हिंदीत क्षारीयता म्हणजे सामूच्या बाजूचं, पाणी किंवा माती किती अल्कधर्मी आहे ते. त्यामुळं "क्षारीयता अधिक होने पर" याचं "क्षारता जास्त असल्यास" असं केलंत की वाचणारा कागदावर वाहकतेचा रकाना बघणार, आणि बघायला हवा होता सामूचा. मी तिथं "सामू जास्त असल्यास" असं सरळ लिहितो. पीएचला सामू हा शब्द आपल्या शेतकऱ्यांत चांगला रुळलाय, तोच वापरा.

जैविक खाद हे दुसरं मोठं. हिंदीत जैविक खाद म्हणजे शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचं खत असलं सगळं, आणि जिवाणूंच्या खताला ते जैव उर्वरक म्हणतात. आपल्यात शेणखताच्या गटाला सेंद्रिय खत म्हणतात, आणि जैविक खत म्हटलं की दुकानदार ॲझोटोबॅक्टर नाहीतर स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचं पाकीट किंवा बाटली काढतो. मूळात "10 टन प्रति हेक्टेयर जैविक खाद" असेल आणि तुम्ही जैविक खत लिहिलंत तर आकडाच ओरडून सांगतो की हे काहीतरी चुकलंय, जिवाणू खत कोण टनात टाकतं. पण वरच्या वाक्यासारखा आकडा नसेल तर कोणाला कळणार नाही आणि माणूस पाकीट आणून मोकळा होईल. मी सेंद्रिय खत लिहून लगेच शेणखत, कंपोस्ट अशी नावं घालतो. तसंच हिंदीत खाद आणि उर्वरक हे दोन वेगळे, उर्वरक म्हणजे रासायनिक खत. मराठीत दोन्ही खतंच, म्हणून प्रत्येक वेळी सेंद्रिय का रासायनिक ते मागं लावावं लागतं, आणि उर्वरक तर ठेवूच नका, उर्वरितचा भाऊ वाटतो.

प्रयोगला फार वेळ देत नाही. हिंदीत वापरणं, आपल्यात करून बघणं. "जिप्समचा प्रयोग करा" वाचून शेतकऱ्याला वाटतं हे अजून सिद्ध झालेलं नाही, माझ्या रानावर बघतायत. वापर करा, टाका, फवारा, जे खरं करायचंय ते क्रियापद लिहा. संशोधितचं उलटं आहे, हिंदीत संशोधित मात्रा म्हणजे बदललेली, दुरुस्त केलेली मात्रा, आणि मराठी माणूस ते संशोधन करून काढलेली असं वाचतो. सुधारित लिहिलं की झालं. मात्र हिंदी पुस्तिकेत शोध दिसला तर तिथं आपलं संशोधन येतं. मात्रा स्वतः अर्धा चालतो, खताची मात्रा आपण म्हणतोच, पण "नमी की मात्रा" याचं ओलाव्याचं प्रमाण. अंतरकडं जरा बघा, हिंदीत "उपज में अंतर" म्हणजे उत्पन्नातला फरक, आणि आपलं दोन सऱ्यांमधलं अंतर त्यांच्याकडं दूरी असतं. "10 दिन के अंतराल पर" हे मात्र 10 दिवसांच्या अंतरानं असं नीट बसतं, उगीच बदलू नका.

तुमची पुस्तिका ऊसपट्ट्यासाठी आहे म्हणून दोन शब्द अजून. उत्तरेकडं उसाच्या प्रजाति लिहितात, त्यांना म्हणायचं असतं वाण, को. 86032 किंवा को. एम. 0265 सारखं. आपल्या शाळेच्या पुस्तकात प्रजाती ही जातीच्या वरची पायरी आहे, त्यामुळं "क्षार सहन करणारी प्रजाती" हे शास्त्रदृष्ट्याही चुकतं आणि शेतकऱ्यालाही कळत नाही. वाण लिहा. दुसरा संक्रमण. हिंदीत रोगाचा संसर्ग, आणि आपल्याला आठवतं मकर संक्रमण. मराठीत सहज तोंडात येणारा शब्द म्हणजे लागण, आणि दुसऱ्या कुठल्या पिकाची पुस्तिका असती तर मी तोच दिला असता. पण सांगली साताऱ्यात उसाची लागण म्हणजे ऊस लावणं. आडसाली लागण, सुरू लागण. "लागण झाल्यावर 10 दिवसांनी फवारा" असं वाक्य गेलं तर रोग दिसल्यावर का ऊस लावल्यावर, हे दोघं वाचणारे दोन तऱ्हेनं समजतील. म्हणून ऊसाच्या पुस्तिकेत रोगासाठी प्रादुर्भाव किंवा सरळ "रोग दिसल्यावर", आणि लागण हा शब्द फक्त लावण्यासाठी राखून ठेवायचा. सुरुवातीलाच ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा.

कामाचा क्रम मी असा ठेवतो. पहिल्यांदा पूर्ण पुस्तिका भाषांतर न करता वाचायची आणि पेन्सिलनं फक्त ओळखीचे शब्द खूण करायचे, अनोळखी नाहीत, कारण अनोळखी शब्द आपोआप थांबवतात. मग वहीत प्रत्येक शब्दासमोर तो जिथं जिथं आलाय त्या पानांवरचे आकडे, लक्षण, उपाय टिपायचे. 40 पानांना दोन दिवस लागतील. क्षारीय एखाद्या पानावर जिप्समसोबत आणि दुसऱ्या पानावर फक्त निचऱ्यासोबत दिसला तर तिथंच सापडतो. मराठी झाल्यावर उपायांची पानं गावातल्या एखाद्या अनुभवी शेतकऱ्याला वाचून दाखवा, पण कळलं का असं विचारू नका, सगळेच हो म्हणतात. त्यांना विचारा की हे ऐकून तुम्ही उद्या दुकानातून काय आणाल, आणि कुठल्या रानात टाकाल. त्या उत्तरात चूक लगेच दिसते.

शब्द बरोबर लागल्यावरही एक गोष्ट राहते आणि ती तुमच्या हातात नाही. उत्तरेतल्या पुस्तिकेतली जिप्समची शिफारस तिकडच्या नदीच्या गाळाच्या जमिनीवरची असते, त्यांच्याकडं गरजेच्या निम्मं जिप्सम टाकून आधी भात घेतात, भातात पाणी उभं राहतं आणि सोडियम हळूहळू खाली जातो. आपली काळी भारी जमीन, पाणी मुरायला वेळ, पीक ऊस. तो निम्म्याचा आकडा आपल्याकडं तसाच लागू होतो का हे भाषांतर करणाऱ्यानं ठरवायचं नाही आणि गुपचूप बदलायचंही नाही. मराठीत आकडा मूळाप्रमाणे ठेवा, त्या पानाची यादी करा, आणि काम देणाऱ्यांना लेखी कळवा की एवढी पानं कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रातल्या किंवा उसासाठी पाडेगावच्या केंद्रातल्या माणसाकडून बघून घ्या, त्यांचं उत्तर आल्याशिवाय जिप्समचं प्रकरण छापायला देऊ नका.